साबण, सिंडेट की बॉडी वॉश? : ‘पीएच ५.५’ या दाव्याचा अर्थ

नाशिकमध्ये डिसेंबर उजाडला की अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते. रविवार कारंजाजवळचा वाडा सोडून शहराबाहेरच्या नव्या इमारतीत राहावयास गेलेल्या एका व्यापारी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. घरातील सत्तरीच्या आजींच्या पोटऱ्यांना स्नानानंतर खाज सुटे आणि त्वचेवर पांढुरकी कोंड्यासारखी पूड दिसे. सुनेने तीन वेळा साबण बदलला, पण उपयोग झाला नाही. अखेर घरात ‘पीएच ५.५’ असे छापलेली वडी आली, तेव्हा हा आकडा काय सांगतो, असा प्रश्न आजींनीच विचारला.

पीएच, म्हणजे मराठीत सामू, हे आम्लता व अल्कता मोजण्याचे माप होय. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारणपणे ५ च्या आसपास असतो. या मापातील प्रत्येक पायरी दहापटीची आहे. म्हणून ५.५ आणि ९.५ यांतील अंतर चारपटीचे नसून दहा हजारपटीचे असते.

तेल व कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने होतो तो खरा साबण. त्याच्या द्रावणाचा सामू सामान्यतः ९ ते १० च्या घरात असतो आणि तो ५.५ वर आणताच येत नाही. आम्ल मिसळले तर साबणाचे पुन्हा मेदाम्ल होते आणि फेसच मरतो. त्यामुळे ‘पीएच ५.५’ म्हणविणारी वडी बहुधा साबण नसतेच. ती सिंडेट असते. तिच्या वेष्टनावर ‘सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट’सारखे नाव आढळते. साबणावर ‘सोडियम पामेट’, ‘सोडियम कोकोएट’ अशी नावे असतात. ‘सोडियम टॅलोएट’ लिहिलेले असल्यास ती प्राण्यांची चरबी समजावी. ग्लिसरीन आणि स्टीअरिक आम्ल वनस्पतिजन्य वा प्राणिज, दोन्ही असू शकतात. तेथे केवळ नाव वाचून निर्णय होत नाही, उत्पादकाकडे विचारणा करावी लागते.

वेष्टनावरील ‘टीएफएम’ हा आकडा मात्र निराळा. तो वडीतील एकूण मेदद्रव्याचे प्रमाण सांगतो. पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान ७६ टक्के अपेक्षित असते. त्यावरून सामू कळत नाही.

आजींच्या नातवाने घरीच परीक्षा केली. औषधांच्या दुकानातून सामू तपासण्याच्या पट्ट्या व शुद्ध केलेले पाणी आणून, दोन वाट्यांत प्रत्येकी वाटाण्याएवढा तुकडा विरघळविला. जुन्या साबणाची पट्टी ९ च्या पुढे गेली, नवी वडी ६ च्या जवळपास राहिली. दावा बराचसा खरा होता.

दुसरी परीक्षा अधिक बोलकी ठरली. एका बाटलीत नळाला येणारे बोअरचे पाणी आणि दुसरीत जुन्या घरून आणलेले, गंगापूर धरणाचे पाणी घेऊन दोहोंत साबणाचा सारखाच कीस टाकून हलविले. धरणाच्या पाण्यात भरपूर फेस आला. बोअरच्या पाण्यात फेस थोडा आणि दुधाळ चोथा अधिक झाला. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून हा न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीला बसतो, तसाच तो अंगालाही चिकटतो. घरात साबण तीनदा बदलला होता, पण दोष पाण्याच्या आणि साबणाच्या जोडीचा होता. सिंडेट जड पाण्यात असा चोथा करीत नाही.

बॉडी वॉशचाही सामू आम्ल घालून हवा तसा ठेवता येतो. मात्र आकडा ५.५ असला म्हणजे द्रव सौम्यच, असे नाही. ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ सामू कमी असूनही त्वचेतील स्निग्धता काढून घेते. शिवाय तो बव्हंशी पाणीच असल्याने परिरक्षके घालावी लागतात, आणि हातावर गरजेपेक्षा अधिक ओतला जातो.

आजींच्या घरी शेवटी असे ठरले : आजींसाठी सिंडेट, तेही रोज केवळ काखा, जांघा व पावलांना, पाणी कोमट, अंग टिपताच ओलसर त्वचेवर खोबरेल. ही वडी पाण्यात लवकर मऊ पडते, म्हणून जाळीच्या डबीत. दुकानात दिवसभर घाम गाळणाऱ्या मुलाला साबणाचा त्रास नव्हता, त्याचा साबण तसाच राहिला. दोन आठवड्यांत पोटऱ्यांवरील पूड ओसरली. खाज तशीच राहिली असती, किंवा भेगा पडून पाणी सुटले असते, तर वडी पुन्हा न बदलता त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणेच योग्य ठरले असते.