बँकेची किल्ली सिम कार्डात

नवा फोन घेतला की त्यावर बँकेचे ॲप सुरू होत नाही, आणि जुना फोन हरवून नवे सिम कार्ड घ्यावे लागले तर एक-दोन दिवस ते कितीही आर्जवे केली तरी सुरू होत नाही, ही तक्रार पुण्यासारख्या शहरात आता नवी राहिलेली नाही. ग्राहकाचे म्हणणे सरळ असते. खाते त्याचे, क्रमांक त्याचा, पिनही त्याला पाठ. मग बँक त्याला ओळखत का नाही? बँकेतील कारकून ‘उद्या करून पाहा’ असे सांगतो आणि मोबाईल कंपनीचा दुकानातील माणूस बँकेकडे बोट दाखवितो. दोघेही खोटे बोलत नाहीत. परंतु या ‘उद्या’च्या मागे कोणता विचार आहे, हे समजावून सांगण्याची तसदी मात्र दोघांपैकी कोणीच घेत नाही.

मोबाईलचा क्रमांक सिम कार्डावर लिहिलेला असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक सिम कार्डात असते ती एक गुप्त संख्या. ती त्या इवल्याशा चकतीतून कधीच बाहेर पडत नाही. तिची दुसरी प्रत फक्त मोबाईल कंपनीच्या यंत्रणेत असते. फोन सुरू झाला की कंपनी त्याला एक यादृच्छिक आकडा पाठविते, सिम कार्ड आपल्या गुप्त संख्येच्या साह्याने त्यावर गणित करून उत्तर देते आणि उत्तर जुळले तरच त्या क्रमांकावर फोन लागतो. म्हणजे एखादा क्रमांक आपला आहे असे तोंडाने कोणीही म्हणू शकेल, परंतु ते सिद्ध करावयाचे तर ते सिम कार्ड हाती असावे लागते. बँकांनी नेमका याच गुणाचा उपयोग करून घेतला आहे.

२०१६ साली यूपीआयची व्यवस्था सुरू झाली तेव्हापासून ॲपच्या नोंदणीची रीत अशी आहे: ॲप सांकेतिक अक्षरांचा एक एसएमएस तयार करते आणि तो ग्राहकाच्या फोनमधून बँकेने ठरवून दिलेल्या क्रमांकावर जातो. अँड्रॉइड फोनवर परवानगी दिल्यावर तो आपोआप जातो, आयफोनवर ग्राहकाला स्वतः ‘पाठवा’ दाबावे लागते. बँकेची यंत्रणा तो कोणत्या क्रमांकावरून आला हे पाहते, संदेशातील खूण ज्या फोनवरील ॲपने निर्माण केली तो फोन ओळखते आणि क्रमांक, फोन व ॲप या तिघांची गाठ बांधते. ओटीपी ग्राहकाकडे येतो आणि तो फोनवरून दुसऱ्याला वाचून दाखविता येतो; फसवणुकीच्या निम्म्या कथा तेथेच सुरू होतात. ग्राहकाकडून जाणारा संदेश मात्र असा वाचून दाखविता येत नाही. म्हणूनच दोन सिम असलेल्या फोनमध्ये भलत्याच सिमवरून संदेश गेला, किंवा एसएमएससाठी पुरेसे पैसे वा पॅक शिल्लक नसल्यामुळे तो गेलाच नाही, तर नोंदणी होत नाही. ‘पडताळणी अयशस्वी’ या मोघम वाक्यामागे पुष्कळदा एवढेच साधे कारण असते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, शिवाजीनगरमधील एका कार्यालयातील लिपिकाचा फोन शुक्रवारी सायंकाळी स्वारगेटच्या बसमध्ये चोरीस गेला. त्याने रात्री क्रमांक बंद करून घेतला आणि शनिवारी सकाळी आधार कार्ड दाखवून त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतले. दुपारी एक वाजता ते सुरू झाले. फोन येऊ लागले, इंटरनेट चालू झाले. साहजिकच त्याने यूपीआयचे ॲप उतरवून घेतले आणि नोंदणीचा प्रयत्न केला. ती झाली नाही. त्याने पाच-सहा वेळा खटपट केली, तेव्हा ॲपने त्याला काही काळ थांबावयास सांगितले. दोष ना फोनचा होता ना बँकेचा. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास त्यावरून जाणारे आणि त्यावर येणारे एसएमएस बंद ठेवावेत, असा आदेश केंद्रीय दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांना दिला. फोन चालतो, इंटरनेट चालते, फक्त एसएमएस चालत नाही. आणि बँकेला हवा असतो नेमका एसएमएसच.

रविवारी दुपारी नोंदणी झाली तरी प्रकरण संपत नाही. नव्या फोनवर पहिल्या २४ तासांत बहुधा ५,००० रुपयांपर्यंतच रक्कम पाठविता येते. आयफोनसाठी हा काळ बव्हंशी ७२ तासांचा असतो. घरभाड्याचे १२,००० रुपये या लिपिकाने सोमवारी दुपारपर्यंत पाठविण्याची आशा धरू नये. एटीएमचे कार्ड मात्र या काळातही चालते, कारण त्याची गाठ फोनशी नाही, आणि ते घरी ठेवण्याची जुनी सवय येथे उपयोगी पडते.

हा विलंब जाच वाटतो, परंतु त्याला महाराष्ट्रातच इतिहास आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतात. २०१३-१४ च्या सुमारास त्यांच्यापुढे आलेल्या काही प्रकरणांत चोरट्यांनी बनावट कागदपत्रे दाखवून ग्राहकाच्या क्रमांकाचे दुसरे सिम मिळविले होते आणि त्यावर आलेल्या ओटीपीच्या आधारे खाती रिकामी केली होती. अशा प्रकरणी बँकेबरोबरच सिम देणाऱ्या कंपनीवरही भरपाईची जबाबदारी टाकण्यात आली. हा निष्कर्ष महत्त्वाचा होता, कारण बँकेच्या तिजोरीची एक किल्ली मोबाईल दुकानाच्या टेबलावर पडून असते, ही गोष्ट त्याने मान्य केली. खऱ्या मालकाचा फोन एकाएकी निर्जीव होतो, आणि ‘नेटवर्क गेले असेल’ असे समजून तो स्वस्थ बसतो. त्याला शंका यावी आणि त्याने कंपनीकडे धाव घ्यावी, एवढी उसंत हे २४ तास देतात. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, तोही याच कारणासाठी. तेव्हा नियम योग्य आहे. चूक आहे ती नवे सिम देताना तो ग्राहकास न सांगण्याची.

तथापि या उसंतीची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती दुय्यम सिमपासून संरक्षण देते, चोरलेल्या सिमपासून नव्हे. लिपिकाचा फोन सायंकाळी सहाला गेला आणि क्रमांक रात्री नऊला बंद झाला, तर मधल्या तीन तासांत तेच सिम चोराला दुसऱ्या फोनमध्ये घालता येते. सिम बदललेले नाही, म्हणून एसएमएस बंद नाहीत. फोनला कुलूप असले तरी सिमला नसते. नवी नोंदणी झाली तरी यूपीआय पिन ठरविण्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे व मुदतीची तारीख लागते, किंवा आधारचा आधार घ्यावा लागतो. परंतु त्याच पाकिटात कार्डही गेले असेल तर हा अडसर कितीसा टिकणार? यावर एक उपाय मोबाईलच्या आरंभापासून उपलब्ध आहे आणि फारच थोडे लोक तो करतात. फोनच्या सेटिंगमध्ये सिमला चार आकडी पिन लावता येतो. फोन बंद करून सुरू केला किंवा सिम दुसरीकडे घातले की तो विचारला जातो. तीनदा चुकला तर सिम अडते आणि कंपनीकडील आठ आकडी पीयूके क्रमांकाखेरीज उघडत नाही. कंपनीने आधीच ठरवून दिलेला पिन ठाऊक नसताना अंदाजाने आकडे टाकून पाहू नयेत, एवढे पथ्य पाळावे.

दुसरी फट अधिक धूर्त आहे. एसएमएसवरून हे सिद्ध होते की तो अमक्या सिमवरून आला. तो त्याच फोनवरील ॲपने पाठविला हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. चोर आपल्या फोनवर ॲप उघडतो, त्यात तयार झालेला सांकेतिक संदेश ग्राहकाकडे पाठवितो आणि ‘केवायसीसाठी हा अमुक क्रमांकावर पुढे पाठवा’ असे गोड आवाजात सांगतो. ग्राहकाने तो पाठविला की बँकेला दिसतो क्रमांक ग्राहकाचा आणि गाठ पडते ती चोराच्या फोनशी. अर्थ न लागणाऱ्या अक्षरांचा संदेश कोणाच्या सांगण्यावरून पुढे पाठविणे हे म्हणूनच ओटीपी सांगण्याइतकेच घातक आहे. या गाठीकडून भलत्या अपेक्षाही करू नयेत. २०१७ साली पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या यूपीआय यंत्रणेतील दोषामुळे सुमारे २५ कोटी रुपये खात्यांत शिल्लक नसतानाही बाहेर गेले. व्यवहार करणाऱ्याची ओळख पटली, तरी त्याच्या खात्यात पैसे आहेत की नाहीत हे पाहणे सिमचे काम नव्हे.

या व्यवस्थेचा सर्वांत अधिक त्रास ज्यांना होतो ते बिचारे तक्रारही करीत नाहीत. लातूर वा नंदुरबारहून पुण्यात शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याचे खाते पुष्कळदा शाळेत असताना, शिष्यवृत्तीसाठी उघडलेले असते आणि त्याला जोडलेला क्रमांक वडिलांचा असतो. विद्यार्थी पुण्यात, सिम गावी. तेव्हा त्याच्या फोनवर ॲप कितीही वेळा उतरविले तरी नोंदणी होणे शक्य नाही. पासबुक व ओळखपत्र घेऊन शाखेत अर्ज देणे आणि स्वतःचा क्रमांक जोडून घेणे, हाच सरळ मार्ग. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘यूपीआय सर्कल’ या सोयीने वडील आपल्या खात्यातून मुलाला महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत खर्चाची मुभा देऊ शकतात. परंतु ती वडिलांच्या खात्यातून, मुलाच्या नव्हे.

वडिलांचा तो क्रमांक रिचार्जअभावी बंद पडला तर काय होते, हाही प्रश्न आहे. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस तसाच ठेवून नंतर कंपनी तो नव्या ग्राहकास देऊ शकते, आणि त्याच्या हाती येणारे सिम खरेखुरे, कायदेशीर असते. बँकेच्या वहीत क्रमांक जुनाच राहिला तर जुन्या खातेदाराचे ओटीपी एका निरपराध अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. बंद क्रमांकांची यादी पाहून आपल्या नोंदी सुधाराव्यात, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले. १ एप्रिल २०२५ पासून यूपीआय चालविणाऱ्यांनी हे काम निदान आठवड्यातून एकदा करावे असा राष्ट्रीय देयक महामंडळाचा दंडक आहे. बँक अशा रीतीने जुना क्रमांक काढून टाकते, नवा आपण होऊन घालीत नाही. तो घालण्यासाठी खातेदारालाच शाखेच्या खिडकीशी उभे राहावे लागते.