बुजलेले कुत्रे आणि दारातले पाहुणे

साकोली तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मागच्या पावसाळ्यात महामार्गाच्या कडेला पाय दुखावून पडलेले एक मोठे कुत्रे त्यांच्या मुलाने घरी आणले. पाय बरा झाला. घरच्यांशी ते लाडाने वागते, पण नवखा माणूस अंगणात आला की धावून जाते. विजेचे मीटर पाहायला आलेल्या माणसाची तर त्याने पँटच फाडली. आता पंधरा दिवसांनी मुलीला पाहायला पाहुणे येणार आहेत. दीर म्हणतात, “झोडपून काढा, नाहीतर नदीपलीकडे सोडून या.”

ताई, तुमचे कुत्रे माजलेले नाही, बुजलेले आहे. तुम्हीच लिहिता की भुंकताना ते दोन पावले पुढे येते, पुन्हा मागे सरते, शेपूट पोटाशी घेते आणि माणसाने पाठ फिरवली की झडप घालते. ही भीतीची खूण आहे. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे असताना ज्या माणसांची सवय होते, ती त्याला आपली वाटतात. त्या वयात दगडच खाल्लेल्या कुत्र्याला नवखा माणूस म्हणजे संकट. शिवाय भुंकले की मीटरवाला निघून जातो. त्यातून ते एवढेच शिकते, की भुंकल्याने संकट टळते.

मारल्याने काय होते? गुरगुरणे थांबते, भीती थांबत नाही. गुरगुरणे ही आपल्याला मिळणारी सूचना आहे. ती दाबली, तर कुत्रे सूचना न देताच चावते. नदीपलीकडे सोडले, तर तिथल्या कोणाच्या तरी लेकराला चावेल. शिवाय हाल होतील अशा रीतीने पाळलेले जनावर विनाकारण सोडून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पंधरा दिवसांत ही भीती जात नसते. म्हणून त्या दिवशी पाहुण्यांची आणि कुत्र्याची भेटच होऊ देऊ नका. पाहुणे येण्याच्या तासभर आधी त्याला फिरवून आणा आणि मागच्या खोलीत ठेवा. आत पाणी, बसायला पोते आणि चघळायला काहीतरी द्या. कडी बाहेरून लावा आणि तिची जबाबदारी एकाच माणसावर सोपवा. बहुतेक अपघात कोणीतरी “जरा पाहू दे” म्हणून दार उघडते तेव्हा होतात. दाराशी साखळीने मात्र बांधू नका. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, मग चावणे एवढाच मार्ग उरतो. खोलीची सवय आजपासूनच लावा. रोजचे जेवण तिथेच द्या, आधी दार उघडे ठेवून, मग दोन मिनिटे, मग दहा मिनिटे लावून.

खरे शिकवणे त्यानंतर, सवडीने. ओळखीच्या एका मोठ्या माणसाला अंगणाच्या टोकाला उभे राहायला सांगा. कुत्रे पट्ट्याला धरलेले असावे. माणूस दिसला की भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा तुम्ही द्या. माणूस गेला की तुकडे बंद. आवडता तुकडाही तोंडात घेत नसेल, तर अंतर कमी पडले असे समजा आणि मागे सरा. ते ताठून स्तब्ध झाले, डोळ्यांचे पांढरे दिसू लागले किंवा विनाकारण ओठ चाटू लागले, तरीही मागे सरा. ते निवांत राहू लागले की काही दिवसांनी एक पाऊल पुढे. याला महिने लागतात.

पाहुण्याने हाताने खाऊ घालू नये. तुकड्याच्या लोभाने कुत्रे जवळ येते, तुकडा संपताच भानावर येऊन घाबरते आणि चावते. पाहुण्याने बसून राहावे, त्याच्याकडे टक लावू नये, वाकू नये. पाहुणा उठायच्या आधी कुत्र्याला आत न्यावे, कारण अचानक उठलेल्या माणसालाच ते जास्त बिचकते. जवळ आणायचे झाल्यास जाळीचे मुसके घाला. तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल इतके ते सैल असावे, आणि त्याचीही सवय आधी खाऊ देऊनच लावावी. लहान मुलांवर हा प्रयोग कधीही करू नये.

पाय पुन्हा दुखत असेल तरी कुत्रे चिडते. म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा दाखवा आणि रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या. तरीही कोणाला दात लागलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

दिरांना एवढेच सांगा, की त्या दिवशी कुत्रे कोणाला दिसणारही नाही. कडी कोण सांभाळणार, ते मात्र आजच ठरवा.