चिखल धुतल्यानंतरचे दोन तास

पुरात मदतकार्य करून परतलेल्या मुलांना पुन्हा एकत्र बसवून बोलतं करायचं म्हटलं की अनेक प्राध्यापक नाराज होतात. मुलं राबली, त्यांचे हात चिखलात गेले, जे शिकायचं ते तिथेच शिकली; आता चर्चेत वेळ कशाला घालवायचा, असं त्यांचं म्हणणं. मला ते साफ अमान्य आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी उतरल्यावर आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी नदीकाठच्या एका गावात धान्याची किटं वाटली. एका रेशनकार्डाला एक किट, असा नियम आम्हीच ठरवला. रांग शिस्तीत चालली, दुपारपर्यंत ट्रक रिकामा झाला आणि मुलं समाधानाने परतली. तिथेच थांबलो असतो, तर त्या दिवसाने त्यांना एवढंच शिकवलं असतं की वाटप संपलं म्हणजे काम झालं.

आठ दिवसांनी वर्गात बसलो. मी एकच प्रश्न विचारला, ‘किट न घेता परत गेलेलं कोणी आठवतं का?’ बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, ‘सर, मळ्यातली एक बाई होती. तिचं कार्ड तिकडे गावाकडे होतं. मी तिला बाजूला उभं राहा म्हटलं, नंतर विसरले.’ मग इतरांनाही आठवू लागलं. एका कार्डावर अकरा माणसं असलेल्या घराला एकच किट गेलं होतं. ज्या घरातल्या भावांनी कार्डं वेगळी केली होती, त्यांना मात्र तीन मिळाली होती. बाहेरून आलेली मजूर कुटुंबं तर यादीतच नव्हती. कोणी लबाडी केली नव्हती. आमच्या सोयीचा नियमच चुकला होता, आणि रांग इतकी सुरळीत होती की ती चूक तिथे दिसलीच नाही.

आक्षेपातला एक भाग खरा आहे. अशा बैठका बहुधा फोटो आणि अहवालापुरत्याच होतात. वर्षाचे १२० तास भरले की वही बंद. पण त्यावर उपाय म्हणजे बैठक टाळणं नव्हे, प्रश्न बदलणं. ‘कसं वाटलं?’ विचारलं की मुलं भारावून बोलतात. ‘कोण राहिलं, ते कोणाच्या निर्णयामुळे, आणि आता तिथे कोण जाणार?’ असं विचारलं की त्यांना नावं आठवू लागतात.

त्या रविवारी सहा जण मळ्यात गेले, घरोघरी माणसं मोजून आले. ती बाई तोवर गाव सोडून गेली होती. मुलीने तिची बरीच चौकशी केली, पत्ता लागला नाही.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. ती मुलगी तेव्हा पदवी घेऊन बाहेर पडली होती. तिचा फोन आला, ‘सर, यादी कार्डांवरून करू नका. आधी मळ्यात जा.’