कोथिंबीर, लगेज आणि मार्केटचा स्टॉप

माझं स्पष्ट मत आहे: एसटीने माल नेताना लगेजचे पैसे वाचवायच्या नादात माणूस भाव घालवतो. मी घालवलाय, म्हणून सांगतोय :)

मामाचं गाव दिंडोरी तालुक्यात. गेल्या वर्षी एका शनिवारी मामांच्या पायाला लागलं होतं, म्हणून १०० जुड्या कोथिंबीर घेऊन मी एकटाच नाशिकला निघालो. शंभर जुड्यांसाठी टेम्पो परवडत नाही. दोन गाठोडी, प्रत्येकी २८ किलो.

आता नियम. पूर्ण तिकिटावर ३० किलो फुकट, त्यावरच्या वजनाचं लगेज तिकीट. माझे २६ किलो जास्त. मी ते बोललोच नाही, वर हुशारी करून समोर आलेली जलद गाडी पकडली आणि सीबीएसचं तिकीट घेतलं. थोड्या वेळाने कंडक्टरला गाठोडी दिसली. वाद घातला, शेवटी लगेज भरलंच. मग मार्केट यार्ड दिसल्यावर "इथे थांबवा ना" म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. आणि जलद गाडी तिथे थांबणारही नव्हती.

गंमत अशी की नाशिकचं भाजी मार्केट दिंडोरी रोडवरच आहे. म्हणजे दिंडोरीकडून येताना ते आधी लागतं, सीबीएस नंतर. मी तीनेक किलोमीटर पुढे जाऊन रिक्षाने परत आलो. तिथे कोथिंबिरीचा लिलाव संध्याकाळी होतो आणि भाव शेकड्यावर बोलतात, म्हणजे शंभर जुड्यांचा. मी पोचलो तेव्हा मोठे व्यापारी घेऊन मोकळे झाले होते. आधीच्यांना १४०० मिळाले, मला ९००. रिक्षाचे वेगळे गेले. लगेज तिकीट यापुढे किस झाड की पत्ती!

मामा हसले. "अरे, गाडीत चढायच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या. यार्डाला थांबते का? आणि लगेज किती? तिकीटही तिथलंच मागायचं, म्हणजे कंडक्टरच्या लक्षात राहतं."

तिसरी गोष्ट त्यांनी करून दाखवली. कोथिंबीर धुऊन लगेच बांधायची नाही. पाणी पूर्ण निथळू द्यायचं, मग ओलसर गोणपाटात गुंडाळायची. नाहीतर गाडीत पाणी गळतं, शेजाऱ्याची बॅग भिजते, आणि कंडक्टर चढूच देत नाही. त्यात त्याचं काय चुकलं? शिवाय ओल्या जुड्या दाबून ठेवल्या की मधल्या गरम होऊन पिवळ्या पडतात. व्यापारी हात घालतो तो नेमका गाठोड्याच्या मध्यात.

परवा आम्ही दोघं गेलो. दोन तिकिटं, ६० किलोची मुभा, लगेज शून्य. पण दुसऱ्या माणसाचं जाऊन-येऊन भाडं धरलं तर लगेज भरणंच स्वस्त, हे मामांनी परतीच्या गाडीत हिशेब करून दाखवलं. मी फक्त हमाल म्हणून गेलो होतो तर!