पंचसूत्री पाळली, तरीही औषध चुकले

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पंचसूत्री प्रत्येक परिचारिकेला प्रशिक्षणकाळातच शिकविली जाते. मात्र ती तंतोतंत पाळूनही रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, याचा विचार फारसा होत नाही.

एक प्रसंग कल्पून पाहू. न्यूमोनियाच्या रुग्णाच्या केसपेपरवर पहिल्याच पानावर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ अशी नोंद आहे. रात्रपाळीचे डॉक्टर औषधतक्त्यावर ‘ऑगमेंटिन १.२ ग्रॅम, शिरेतून, दर आठ तासांनी’ असे लिहितात. सिस्टर खाट क्रमांकावर विसंबत नाहीत; रुग्णाला त्याचे नाव विचारतात, मनगटावरील पट्टी पाहतात, कुपी, मात्रा, मार्ग व वेळ ताडून पाहतात. पाचही बाबी जुळतात. परंतु या औषधात अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच कुळातील प्रतिजैविक असते. काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी इंजेक्शन तत्काळ थांबवून मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन द्यावे लागते.

येथे चूक नेमकी कोठे झाली? पंचसूत्री आदेशाची अंमलबजावणी तपासते; तो आदेश या रुग्णाला मानवेल का, हे ती विचारत नाही. शिवाय व्यापारी नावाआड औषधाचे कूळ दडते. मूळ नाव लिहिले असते, तर त्यातील ‘सिलिन’ हा शेवटच सावध करून गेला असता. औषधांची मूळ नावे सुवाच्य लिहावीत, अशी दुरुस्ती तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केली. त्यापुढे जाऊन राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आणलेली नियमावली २०२३ च्या ऑगस्टमध्ये स्थगित झाली. तेव्हा वॉर्डातील दक्षतेवरच भिस्त उरते.

‘टेस्ट डोस’ दिला म्हणजे धोका टळला, हा समजही घातक आहे. तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यास तेवढी अल्प मात्राही पुरेशी ठरते. विचारपूस हाच पहिला उपाय होय. पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला, नेमके काय झाले आणि किती वेळाने, हे तीन प्रश्न कुपी उघडण्यापूर्वी विचारावेत. मळमळ व अंगावरील गांधी यांतील फरक त्यातूनच कळतो आणि नाहक एखादे उपयुक्त औषध कायमचे वर्ज्य होत नाही.

अ‍ॅलर्जीची नोंद मात्र केसपेपरच्या पहिल्या पानावर नव्हे, तर औषधतक्त्याच्या माथ्यावर हवी. कारण औषध देताना हाती असतो तो तक्ताच. अ‍ॅलर्जी नसल्यास तसेही लिहावे. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘अ‍ॅलर्जी नाही’ असा नसून, ‘कोणी विचारलेच नाही’ असा असतो.