तिसऱ्या महिन्याची बोली

जळगावच्या त्या गल्लीतील बारा घरांची भिशी दर महिन्याच्या ५ तारखेला भरत असे. प्रत्येकीचे ५,००० रुपये, मिळून ६०,०००. एकीहून अधिक जणींना रक्कम हवी असली की बोली लागे. जी अधिक रुपये सोडण्यास तयार होई तिला भिशी मिळे आणि सोडलेली रक्कम बाराही जणींत सारखी वाटली जाई. मागणारी एकटीच असली तर तिला ३,००० सोडावे लागत. कागदपत्र काही नव्हते. होती ती कुसुमकाकींची वही आणि प्रत्येकीचा शब्द.

तिसऱ्या महिन्यात सुशीलाबाईंच्या मनात भिशी उचलावी असे आले. धुळ्याहून भावाचा फोन होता. आग्रा रोडवरील एक दुकान बंद होत होते. साड्यांचा माल रोखीने ५०,००० ला मिळणार होता आणि दिवाळीपर्यंत त्याचे ५८,००० सहज होतील, असे तो म्हणत होता.

परंतु शेजारच्या कांताभाभींनाही मुलाच्या वसतिगृहासाठी त्याच आठवड्यात पैसे हवे होते. त्या ८,००० पर्यंत सोडतील, असे सासूबाईंच्या कानी आले होते.

रात्री सुशीलाबाई हिशेबाला बसल्या. ९,००० सोडले तर भिशी आपली. हाती ५१,००० येतील. वाट्याचे ७५० परत मिळाले, तरी ८,२५० गेलेच. मालातला नफा मात्र ८,०००, तोही सारा माल खपला तर. आणि पुढचे नऊ हप्ते चुकणार नव्हते.

“माल पडून राहिला, तर हप्ता गल्ल्यातून द्यावा लागेल,” पती एवढेच म्हणाले.

चौविहारापूर्वी घरी परतता यावे, म्हणून भिशी पाच वाजताच भरली. कुसुमकाकींनी विचारले, “कोणाला हवी आहे?”

कांताभाभींनी हात वर केला.

“सुशीलाभाभी, तुम्हीही घेणार होता ना?” कोपऱ्यातून एकीने आठवण करून दिली. दोघींची चढाओढ लागली असती, तर घरोघरी ७५० जाणार होते. तिची उत्सुकता अगदीच निःस्वार्थी नव्हती.

“या खेपेस नको,” सुशीलाबाई म्हणाल्या.

कांताभाभींना ३,००० सोडून ५७,००० मिळाले. पदराखाली नोटा घेताना त्यांनी सुशीलाबाईंकडे एकदा पाहिले, बोलल्या मात्र काही नाहीत. कोपऱ्यातल्या बाईंनी आपले २५० दोनदा मोजले.

घरी येऊन सुशीलाबाईंनी धुळ्याला फोन लावला. “अर्धाच माल घे, आणि तोही दिवाळीपर्यंत उधारीवर मिळत असेल तर. नाहीतर राहू दे.”

“विचारून पाहतो,” भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा फोन आला नव्हता.