विश्लेषण : शिंदी पाच टक्क्यांची, फेणी बेचाळीस टक्क्यांची, एवढा फरक का?

मराठवाड्यात, अगदी येलदरीसारख्या धरणाकाठच्या गावातही, दारूची दोन जुनी नावे सर्वांना ठाऊक असतात. एक शिंदी आणि दुसरी हातभट्टी. शिंदी लोटाभर पितात, हातभट्टी पेल्याने मोजतात. शहरातही तसेच. बिअरचा मग असतो आणि व्हिस्कीचा पेग. हा फरक केवळ सवयीचा नाही. शिंदी, ताडी, बिअर आणि वाइन ही आंबवलेली पेये आहेत, तर हातभट्टी, फेणी, रम आणि व्हिस्की ही ऊर्ध्वपातन करून काढलेली मद्ये आहेत. पहिल्या गटाची तीव्रता साधारण 4 ते 15 टक्क्यांच्या आत राहते आणि दुसऱ्या गटाची थेट 40 टक्क्यांच्या पुढे जाते. मधली ही उडी कशी पडते?

आंबवताना नेमके काय होते?

मद्यातील अल्कोहोल तयार करण्याचे काम एकच जीव करतो, तो म्हणजे यीस्ट ही सूक्ष्म बुरशी. साखर खाऊन ती दोन गोष्टी बाहेर टाकते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू. आंबलेल्या रसावर फेस येतो तो या वायूमुळेच. पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड असते. तीच नीरा उन्हात राहिली की दुपारपर्यंत फसफसू लागते आणि तिची ताडी होते. त्यात कोणी काही मिसळलेले नसते. झाडावरचे आणि मडक्यातले यीस्ट आपले काम करत असते.

म्हणजे अल्कोहोल किती होणार, हे आधी साखरेवर ठरते. ढोबळ हिशोब असा, की एका लिटर रसातील सुमारे 17 ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. झाडाच्या गोड रसात लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर असेल, तर पेय पाच-सहा टक्क्यांवर थांबते. वाइनसाठी पिकवलेल्या द्राक्षांच्या रसात लिटरमागे 200 ते 220 ग्रॅम साखर असते. म्हणून वाइन 12-13 टक्क्यांपर्यंत जाते.

मग साखर वाढवली तर?

काही अंतरापर्यंत तीव्रता वाढते, मग थांबते. कारण अल्कोहोल हे यीस्टसाठीही विषच आहे. त्याचे प्रमाण वाढत गेले की यीस्टच्या पेशींचे आवरण कमकुवत होते, त्यांचे काम मंदावते आणि साधारण 14-16 टक्क्यांच्या आसपास बहुतेक जाती मरतात. रसात साखर उरली असली तरी ती खायला कोणी उरत नाही. मुद्दाम निवडलेल्या काही जाती आणखी थोडा पल्ला गाठतात, पण 40 टक्के केवळ आंबवून कधीच मिळत नाहीत.

आंबवलेल्या पेयाची दुसरी अडचण म्हणजे ते टिकत नाही. हवा लागली की व्हिनेगर तयार करणारे जिवाणू अल्कोहोलचे आम्ल करतात. कालची ताडी आज आंबट लागते ती यामुळे. 40 टक्क्यांच्या मद्यात मात्र हे जिवाणू जगूच शकत नाहीत.

ऊर्ध्वपातनाने नवे अल्कोहोल तयार होते का?

नाही, आणि नेमका येथेच अनेकांचा गैरसमज होतो. भट्टीत अल्कोहोलचा एक थेंबही नव्याने तयार होत नाही. ते सगळे आंबवण्यातच झालेले असते. भट्टी फक्त पाणी मागे ठेवते.

शुद्ध अल्कोहोल सुमारे 78 अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी 100 अंशांना. दोन्हींचे मिश्रण तापवले की वाफेत अल्कोहोलचे प्रमाण मूळ द्रवापेक्षा जास्त असते. ही वाफ नळीतून नेऊन थंड केली की जोरकस द्रव मिळतो. पण अल्कोहोल आधी सगळे निघून जाते आणि पाणी मग उकळते, असे होत नाही. वाफेत दोन्ही असतात. भट्टीतून आधी पडणारी धार तीव्र असते, मग ती पाणचट होत जाते. ही सगळी धार एकत्र केली की मधली कुठली तरी तीव्रता मिळते. म्हणूनच साध्या भांड्याच्या भट्टीत एका फेरीने काम भागत नाही.

गोव्यातील काजूची फेणी काय दाखवते?

हा सगळा प्रवास एकाच फळात पाहायचा तर गोव्यातील काजूची फेणी पाहावी. या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मार्च ते मेच्या हंगामात काजूची पिकलेली बोंडे गोळा करून त्यांचा रस काढतात. तो बाहेरचे यीस्ट न घालता, साधारण तीन दिवस आपसूक आंबू देतात. हा आंबलेला रस पहिल्यांदा भट्टीवर चढतो, तेव्हा हाती येते ते हुर्राक. त्याची तीव्रता 15 टक्क्यांच्या आसपास असते. हे हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून दुसऱ्यांदा भट्टीवर चढवले, की 42 ते 45 टक्क्यांची फेणी मिळते. हुर्राक हंगामापुरते मिळते, तर फेणी वर्षानुवर्षे टिकते.

आता हिशोब पाहू. समजा, 100 लिटर आंबलेल्या रसात 6 टक्के, म्हणजे 6 लिटर अल्कोहोल आहे. ते सगळे 15 टक्क्यांच्या द्रवात गोळा केले तर 40 लिटर भरेल. 42 टक्क्यांच्या द्रवात गोळा केले तर जेमतेम 14 लिटर. प्रत्यक्षात थोडे अल्कोहोल भट्टीत मागे राहते, त्यामुळे हाती याहूनही कमी येते. तीव्रता तिपटीने वाढते आणि प्रमाण त्याच हिशोबात घटते. अल्कोहोल मात्र तेवढेच राहते. 

साखर कारखान्यांच्या आसवनीत मळी आंबवून हेच काम उंच स्तंभांमध्ये होते. तेथे वाफ पायरीपायरीने अनेकदा थंड होऊन पुन्हा उकळते, त्यामुळे 95-96 टक्क्यांचे स्पिरिट एका दमात मिळते. त्यात मळीचा वासही फारसा उरत नाही. भांड्याच्या भट्टीत मात्र फळाचा वास वाफेबरोबर येतो. फेणीचा दरवळ खोलीभर पसरतो, तो या ‘अपुऱ्या’ शुद्धीकरणामुळेच.

बाटलीवर 42.8 हाच आकडा का?

कारखान्यातून निघालेले 95 टक्क्यांचे स्पिरिट पाणी घालून खाली आणले जाते. ते कुठवर आणायचे याचा भारतातील आकडा ब्रिटिशांच्या मोजमापातून आला आहे. बंदुकीची दारू मद्यात भिजवूनही पेट घेते का, यावरून मद्याचा कस ठरवला जात असे, अशी या मापाची कथा सांगितली जाते. पुढे 57.1 टक्के अल्कोहोल म्हणजे ‘100 प्रूफ’ असे ठरले. त्यापेक्षा 25 अंशांनी कमी, म्हणजे ‘25 यू.पी.’ किंवा ‘अंडर प्रूफ’. 57.1 चे तीन चतुर्थांश केले की 42.8 येतात. व्हिस्की आणि रमच्या बाटल्यांवर दिसणारा हा विचित्र आकडा तिथला आहे. एखाद्या बाटलीवर ‘60 यू.पी.’ असेल तर ती अधिक तीव्र नव्हे, उलट सौम्य असते. तिच्यात 23 टक्क्यांहूनही थोडे कमी अल्कोहोल असते.

बिअर आणि वाइन म्हणजे दारू नव्हे का?

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद झाला होता. तीव्रतेत फरक आहे हे खरे. पण वाइनमधले अल्कोहोल आणि व्हिस्कीतले अल्कोहोल हा एकच पदार्थ आहे. यकृताला दोन्ही सारखेच. प्रश्न असतो तो पोटात एकूण किती गेले याचा.

60 मिलिलिटरच्या पेगमध्ये, 42.8 टक्क्यांप्रमाणे, सुमारे 26 मिलिलिटर अल्कोहोल असते. 650 मिलिलिटरच्या आठ टक्के स्ट्राँग बिअरमध्ये 52 मिलिलिटर. म्हणजे ‘मी फक्त एक बिअर घेतली’ असे म्हणणाऱ्याने दोन मोठे पेग घेतलेले असतात. सौम्य पेयातील पाण्यामुळे पिण्याचा वेग कमी राहतो, हाच काय तो त्याचा फायदा. उलट हातभट्टीच्या बाटलीवर टक्केवारी लिहिलेली नसते. कालचा पेला पाणचट धारेचा आणि आजचा पहिल्या धारेचा असू शकतो. पिणाऱ्याला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

विषारी दारू भट्टीत तयार होते का?

फळे आंबताना त्यांच्या सालीतील पेक्टिनपासून मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलही किंचित तयार होते. गुळाच्या रसायनात ते नगण्य असते. त्यामुळे भट्टी बिघडली म्हणून गावच्या गाव मरते, असे सहसा होत नाही. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक जणांचा बळी गेला, तो दारूत कारखान्यात वापरले जाणारे मिथेनॉल मिसळल्यामुळे. मिथेनॉल स्वस्त पडते आणि सुरुवातीला नशाही तशीच येते.

चवीवरून किंवा वासावरून ते ओळखता येत नाही. पुन्हा भट्टी लावूनही ते खात्रीने वेगळे करता येत नाही, कारण त्याची वाफ सगळ्या धारेत विखुरते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाव घालते. हे घडायला वेळ लागतो. म्हणून नशा उतरल्यावर, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी, पोटात दुखणे, उलट्या, धाप आणि अंधूक दिसणे सुरू होते. त्याला ‘उतारा’ समजून पुन्हा पाजणे किंवा झोपवून ठेवणे जीवघेणे ठरते. वेळेत रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णाला प्रतिविष आणि डायलिसिस देऊन जीव आणि दृष्टी वाचवता येते. सोबत प्यायलेल्या इतरांनाही, त्यांना काही होत नसले तरी, लगेच तपासून घ्यावे लागते.